मुद्दल किती उरलं?

मशीनवाला गेला तेव्हा त्याच्यामागे एक मळणीचं मशीन, एक आई, एक धाकटा भाऊ, एक बायको आणि एक पत्र्याचा डबा राहिला. यातलं सगळ्यात कर्तबगार कोण, यावर घरात एकमत होतं. डबा.

मळणीचे पैसे डब्यात जायचे. डिझेल, किराणा, औषधं, पाहुण्यांची सरबराई, सगळं डब्यातून निघायचं. डबा उचलून जड लागला तर घर श्रीमंत, हलका लागला तर गरीब. या पद्धतीला बेरीज-वजाबाकी लागत नाही, मनगट चांगलं असलं की पुरतं. मशीनवाल्याचं मनगट उत्तम होतं. छातीच्या दुखण्यानं माणूस गेला, पण शेवटपर्यंत त्याची समजूत हीच होती की आपण दर महिन्याला हप्ता भरतो, म्हणजे मशीनचं कर्ज उतरतंय.

मळणीचा हंगाम तोंडावर आला होता. बायको आणि दीर महिन्याचे छत्तीसशे घेऊन पेढीवर गेले. पेढीवाल्यानं दिराला खुर्ची दिली. तिला भिंत दिली.

"वाईट झालं," पेढीवाला दिराला म्हणाला. "पण व्यवहार तो व्यवहार. सही करणारा माणूस गेला. आता मी कुणाच्या तोंडाकडे बघायचं? हंगाम संपेपर्यंत थांबतो. एक लाख वीस हजार एकरकमी आणा, नाहीतर मशीन आणून इथं मागच्या आवारात लावा. दोन लावलेलीच आहेत, तिसऱ्याला जागा होईल."

दिरानं मान हलवली. दिराची मान चांगली हलायची.

"दादा," भिंतीजवळून आवाज आला, "आम्ही दर महिन्याला छत्तीसशे देतो ना? मग मुद्दल किती उरलं?"

पेढीवाल्यानं मान वर केली. हा प्रश्न त्याला या घराण्यातून प्रथमच येत होता. "सांगितलं की. एक लाख वीस."

"आणि घेतलं किती होतं?"

"एक लाख वीस."

"म्हणजे दोन वर्षांत..."

"वहिनी, महिना शेकडा तीन. एक लाख वीसवर छत्तीसशे. ते व्याज. मुद्दलाला कुणी हात लावलाच नाही, तर ते उतरेल कसं? तुमच्या मालकांनी कधी विचारलं नाही, मी कधी लपवलं नाही."

हे खरं होतं. त्यानं काहीच लपवलं नव्हतं. त्यामुळे तर जास्त राग येत होता.

परतताना मोटारसायकलवर दीर पुढे, ती मागे. बोटांच्या पेरांवर तिचा हिशेब चालला होता. छत्तीसशे गुणिले चोवीस महिने. शहाऐंशी हजार चारशे. एवढे देऊन झाले आणि कर्ज जागचं हललं नाही. खरं तर इथं तिला रडू यायला हवं होतं, लोकांनाही ते बरं वाटलं असतं. पण तिच्या अंगात भलतीच हुशारी संचारली. अंधाऱ्या खोलीत कुणीतरी खिडकी उघडावी, आणि समोर पसारा का असेना, पण दिसायला लागावा, तसं झालं.

"भाऊजी, गाडी पतसंस्थेकडे वळवा."

"आता? उपाशीपोटी?"

"भरल्या पोटी दोन वर्षं काय केलंत?"

पतसंस्थेतला साहेब तरुण होता आणि त्याला जांभया येत होत्या. तिनं विचारलं, व्याज किती? तो म्हणाला, वर्षाला शेकडा बारा. म्हणजे महिन्याला एक. पेढीच्या व्याजाचा तिसरा हिस्सा. आणि उरलेल्या मुद्दलावरच. हप्त्यातून आधी व्याज कापायचं, राहील ते मुद्दलातून वजा. मुद्दल घटलं की पुढच्या महिन्याचं व्याजही घटतं.

"न मागता?"

"न मागता."

ती खुर्चीच्या टोकावर आली. साहेबाच्या जांभया थांबल्या.

पण अटी होत्या. मशीनच्या किमतीचा नव्हे, कर्जाचा पाचवा हिस्सा तिनं स्वतः उभा करायचा. एक लाख वीस फेडायचे तर चोवीस हजार तिचे, शहाण्णव हजार संस्थेचे. खातं तिच्या नावावर, आणि हंगामाची कमाई दर आठवड्याला त्या खात्यात दिसली पाहिजे. मशीन मयताच्या नावावर, म्हणून वारस म्हणून सासूचीही सही. शिवाय एक जामीन, ज्याचं स्वतःचं काहीतरी चालू आहे.

"भाऊजी आहेत," ती म्हणाली.

साहेबानं दिराकडे पाहिलं. "त्यांचं काय चालू आहे?"

दिरानं मान हलवली.

*

चोवीस हजार. घरात आनंदाची लाट उसळली, कारण दिराचा हिशेब झटपट होता. पोत्याला शंभर भाव, म्हणजे दोनशे चाळीस पोती. "आठ दिवसांचं काम!" तो म्हणाला. "भाव पंच्याऐंशी करू. पलीकडचा मशीनवाला नव्वदनं करतो. सगळं गिऱ्हाईक आपल्याकडे!"

"आणि डिझेल?"

"डिझेल डब्यातून."

तिनं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी डोक्याला फडकं बांधून ती दीर, रोजचा गडी आणि मशीनबरोबर शेतात गेली. बायका हसल्या, पुरुष बाजूला बघायला लागले. मशीन चालू झालं की कानात दुसरं काही शिरत नाही, हा त्याचा मोठा गुण. भुसा उडत होता, नाका-डोळ्यांत शिरत होता, घामाबरोबर पाठीवर चिकटून काटे टोचत होता. ती मशीनच्या तोंडाशी उभी राहून पेंढ्या पुढे ढकलत होती. इंजिनाची टाकी तिनं काठोकाठ भरून घेतली होती, आणि कुणाचं तरी मनगटी घड्याळ उसनं आणलं होतं.

पहिलं शेत वाळलेलं होतं. पेंढी आत गेली की कडकड करत फुटायची. तासाला आठ पोती निघाली. टाकी परत काठोकाठ भरायला तासाला चार लिटर लागलं.

दुसरं शेत ओलसर होतं. मालकाला घाई होती. पेंढ्या तोंडात अडकायच्या, पट्टा सरकून जळका वास यायचा, इंजिन म्हाताऱ्यासारखं खोकायचं. मशीन बंद करायचं, हात घालून ओला गुंता ओढून काढायचा, परत चालू. तिचे हात कोपरापर्यंत खरचटले. तासाला चार पोती. डिझेल पाच लिटर.

रात्री जेवणं झाल्यावर तिनं चुलीपाशी कोळशानं फरशीवरच मांडलं. दीर आणि सासू बघत होते. भविष्य सांगणाऱ्यासमोर बसावं तसे.

"वाळलेला माल. तासाला आठ पोती, आठशे आले. डिझेल नव्वदनं चार लिटर, तीनशे साठ. भाऊजी आणि गडी, दोघांचे पन्नास-पन्नास, शंभर."

"माझे कशाला?" दीर म्हणाला. "मी घरचा आहे."

"घरचा माणूस जेवतो की नाही? लिहा शंभर. पट्टा, पाती, वंगण यांची झीज तासाला साठ. झाले पाचशे वीस. हातात राहिले दोनशे ऐंशी."

"वा!" दीर म्हणाला.

"आता ओला माल. चार पोती, चारशे आले. डिझेल साडेचारशे..."

दीर थांबला. "चारशे आले आणि डिझेलच साडेचारशेचं?"

"मजुरी शंभर. झीज साठच धरते, खरी जास्तच असेल. झाले सहाशे दहा. दोनशे दहा आपल्या खिशातून. आपण दर तासाला लोकांना दोनशे दहा देत होतो, भाऊजी, आणि वर त्यांचं धान्य मळून देत होतो."

"म्हणजे सकाळी कमावलं..."

"ते दुपारी घालवलं. आणि तुमच्या पंच्याऐंशीनं तर वाळल्या मालाचे उरतात एकशे साठ आणि ओल्याचे जातात दोनशे सत्तर. जितकं गिऱ्हाईक जास्त, तितकं लवकर मशीन पेढीच्या आवारात."

सासूनं कोळशाच्या आकड्यांवरून पाय बाजूला घेतला. मग म्हणाली, "सकाळी पुसून टाक. लोक बघतील."

सकाळी तिनं फरशी पुसली आणि डब्याचे तीन डबे केले. एक डिझेलचा. एक घराचा, त्यात रोज ठरलेले तेवढेच. एक मशीनचा, त्यातले आठवड्याला पतसंस्थेत जाऊन खात्यात भरायचे. वाटणीआधी मोठा डबा उचलून सवयीनं सासू म्हणाली, "जड आहे!" पण त्यातलं निम्मं डिझेलचं होतं. डिझेलवाल्याचा पैसा आपल्या घरी मुक्कामाला येतो आणि आपण त्याला जावयासारखं आपलं म्हणतो, हे घराला प्रथमच कळलं.

त्या संध्याकाळी दिराला त्याच्या तासांचे पैसे मिळाले. नोटा त्यानं दोनदा मोजल्या. "मी पगारी नोकर झालो की काय?" असं त्यानं आधी विचारलं. मग नोटा खिशात घातल्या, बाहेर काढल्या, परत घातल्या. त्यानंतर पंच्याऐंशीचं नाव त्यानं काढलं नाही.

*

आता नियम असा झाला की मशीन निघण्याआधी ती शेतावर जायची. गंजीत कोपरापर्यंत हात घालून मधली काडी ओढायची आणि वाकवायची. कट्कन मोडली तर मशीन येणार. नुसती वाकली तर, "दोन दिवस उन्हात पसरा, मग येतो."

गावाला करमणूक मिळाली. चहाच्या टपरीवर तिचं नाव 'काडीबाई' पडलं. "काडीबाई आल्या, दात घासायला काडी द्या रे!" एकानं तर खरोखरच भिजवलेली काडी पुढे केली. तिनं ती वाकवली, वाकली. "तुमच्याकडचं काम नको," ती म्हणाली, "तुम्ही अजून ओलेच आहात." टपरी खदखदली, आणि पुढचं हसणं तिच्या बाजूनं झालं.

ओल्या मालाची गिऱ्हाइकं ती पलीकडच्या मशीनवाल्याकडे पाठवायची, तेही अगदी पत्ता समजावून.

"वहिनी, हातचं गिऱ्हाईक शत्रूला?" दीर तळमळायचा.

"शत्रूला आजारपण पाठवतेय. जाऊ दे."

दुसरा नियम पैशांचा. 'माल विकल्यावर देतो' हे गावातलं सगळ्यात जुनं चलन होतं, पण ते डिझेल पंपावर चालत नव्हतं. तिनं सांगितलं, पोतं शिवायच्या आधी रोख, पोत्याला शंभर. रोख नसेल तर तेवढ्या किमतीचं धान्य, बाजारभावानं, इथंच मोजून. धान्य घरी आलं की घराच्या डब्यातून किराण्याचा मोठा खर्च वाचला. पहिल्या दिवशी दोघं चिडून निघून गेले. तिसऱ्या दिवशी एक परत आला. वाळलेल्या मालाचं मशीन आता दिवसभर खोळंबा न होता धावत होतं, आणि लवकर मोकळं व्हायला कुणाला आवडत नाही? खात्यात पैसे चढायला लागले. सहा हजार. अकरा. सतरा. ती पतसंस्थेतून बाहेर पडायची ती जवळजवळ पळतच, एवढ्या वयाच्या बाईला शोभणार नाही अशी.

एकवीस हजारांवर आकाश भरून आलं.

हंगाम संपायला आठवडा होता, पण ढगांना ते माहीत नव्हतं. सकाळीच तात्या दारात. मोठ्या शिवाराचे मालक, सगळ्यात मोठी गंज त्यांची. "काय मशीनवाल्या," ते दिराला म्हणाले, "आजच घ्यायचंय. पाऊस आला की मेलो."

दिरानं तिच्याकडे पाहिलं. तात्यांनीही नाइलाजानं पाहिलं. ती गेली, गंजीत हात घातला, काडी वाकवली. वाकली.

"ओला आहे, तात्या."

"मग काय, पोत्याला एकशे दहा घे. गरज आहे."

दिराचे डोळे चमकले. तीन हजारच कमी होते! पण तिच्या डोक्यात कोळशाची फरशी होती. चार पोती, चारशे चाळीस. खर्च सहाशे दहा. गरजेला बळी पडून आणखी एकशे सत्तर घालवायचे.

"पोत्यावर नाही. तासावर. तासाला आठशे नव्वद. पोती किती निघतील ते तुमच्या मालानं ठरवायचं."

"आठशे नव्वद! डाका घालतेस?"

"सहाशे दहा माझा खर्च, दोनशे ऐंशी माझे राहणार. वाळल्या मालाला राहतात तेवढेच. एक पैसा जास्त घेत नाही. दोन दिवस वाळवा, शंभरनं करते."

"दोन दिवस!" तात्यांनी ढगांकडे बोट दाखवलं. "पलीकडचा नव्वदनं करतो!" आणि गाडीत बसून निघून गेले.

सासू दाराशी उभी होती. "एवढं ताणू नये गं," ती म्हणाली. "एकशे दहा म्हणत होता माणूस." दीर पट्ट्याला वंगण लावत बसला. पट्ट्याला वंगण लावायचं नसतं, लावलं की तो सटकतो. तिनं त्याच्या हातातून चिंधी काढून घेतली आणि पट्टा पुसत बसली. आकडे बरोबर होते, पण आकडे बरोबर असले म्हणून माणूस परत येतोच असं नाही.

दुपारी तात्यांची गाडी परत आली. मागे पलीकडचा मशीनवाला बसला होता, काळ्या हातांनी, जळका पट्टा गळ्यात हारासारखा घालून.

"याचं मशीन गुदमरून मेलं," तात्या म्हणाले. "चल. तासावर तर तासावर."

मग जे सुरू झालं त्याला मळणी म्हणायची की लढाई, सांगता येणार नाही. तात्या स्वतः पेंढ्या देत होते, कारण आता मिनिटामिनिटाचे पैसे त्यांचे जात होते. ओल्या पेंढ्या ते चक्क हातानं सुट्या करून पातळ पातळ पुढे करत होते. जी माणसं पोत्यावर असताना ओली गंज आख्खी आत कोंबायची, ती तासावर गेल्यावर सुईत दोरा ओवावा तशी पेंढी घालतात, हे दिरानं त्या दिवशी पाहिलं. मशीन फार गुदमरलं नाही. तासाला साडेपाच पोती निघाली. पलीकडचा मशीनवाला कुणी न सांगताच तोंडाशी उभा राहिला आणि कामाला लागला. अंधारून आलं, वारा सुटला, भुसा माणसांभोवती गरगरायला लागला. बारा तास मशीन चाललं, कंदिलाच्या उजेडात मध्यरात्र उलटेपर्यंत, मधे फक्त डिझेल आणि पाणी. शेवटची पोती ताडपत्रीखाली ढकलताना पहिले टपोरे थेंब तात्यांच्या टकलावर पडले.

"मोज," तात्या धापा टाकत म्हणाले. "नऊशेनं बारा तास धर. वरचे दहा-दहा बक्षीस."

"आठशे नव्वदनं," ती म्हणाली. "दहा हजार सहाशे ऐंशी. बक्षीस त्याला द्या." आणि पलीकडच्याकडे बोट दाखवलं.

त्यातले खर्च वजा जाऊन राहिले ते तेहतीसशे साठ. खातं चोवीस हजारांच्या पुढे गेलं.

*

राहिला जामीन. तो पलीकडचा मशीनवाला झाला.

हे ऐकून गाव चाट पडलं. त्याचं म्हणणं सरळ होतं. "ही बुडाली तर मशीन पेढीवाल्याकडे जाईल. त्याच्याकडे दोन आहेत, तीन झाली की तो पन्नासनं मळणी करेल आणि मी भीक मागेन. त्यापेक्षा काडीबाई बरी. ती भाव पाडत नाही." मग तिला बाजूला घेऊन विचारलं, "ती काडी कुठून काढायची? वरची की मधली?"

"मधली. वरची सगळ्यांचीच वाळलेली असते."

पतसंस्थेनं शहाण्णव हजारांचा चेक तिच्या हातात दिला नाही, पेढीवाल्याच्या नावे काढला. त्याबरोबर तिचे चोवीस. पेढीवाल्यानं चेक उजेडात धरला, नोटा मोजल्या. चाललेल्या महिन्याचं व्याज भरलंय हे तिनं त्याच्याच तोंडून वदवून घेतलं.

"आता 'काही येणं नाही' असं लिहून सही द्या. आणि त्यांची सही असलेला कागद परत."

"विश्वास नाही होय?"

"आहे की. तो टिकावा म्हणून लेखी मागतेय."

त्यानं लिहून दिलं. मग गड्याला हाक मारून म्हणाला, "अरे, वहिनींना खुर्ची दे." पण ती निघाली होती.

पीक नसताना इंजिन सोडवून पाणी उपसायला भाड्यानं जायला लागलं. पहिला हप्ता भरायला ती दीर आणि सासूला घेऊन गेली. साहेबाला ती माहीत झाली होती. त्यानं छत्तीसशे घेतले आणि न विचारताच सांगितलं, "व्याज नऊशे साठ. मुद्दलात सव्वीसशे चाळीस. उरलं त्र्याण्णव हजार तीनशे साठ."

"परत सांगा."

"त्र्याण्णव हजार तीनशे साठ. असंच भरत राहिलात तर बत्तीस हप्त्यांत संपेल, शेवटचा तर अगदीच चिल्लर."

दीर मोठ्यांदा हसला. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "वहिनी, पलीकडचा त्याचं मशीन विकायचं म्हणतोय. घेऊन टाकू? दोन मशीनं!"

"आधी दोन हप्त्यांएवढे खात्यात बाजूला. मग पट्ट्याचे. मग बघू."

तिघं घरी आली. पायरीवर बसून चपला काढता काढता सासू म्हणाली, "पुढच्या महिन्यात व्याज अजून कमी?"

"हो. नऊशे तेहतीस."

"काही जास्त न देता?"

"काही जास्त न देता."

"आणि तो तेवढेच पैसे दोन वर्षं तिकडे भरत होता." सासूनं चपला भिंतीशी जोडून ठेवल्या. "पावसात जायचा. ताप असताना गेला होता एकदा. म्हणाला, हप्ता चुकायला नको."

या वेळी दिराची मान हलली नाही.

मग सासू उठली, आत गेली, आणि भांड्यांच्या मागून तो जुना मोठा डबा काढून आणला, सगळ्या घराचा एकच असायचा तो. रिकामा होता. पदरानं आतून पुसला.

"तुझा हिशेब चुकलाय," सासू म्हणाली.

"कुठे?"

"त्या फरशीवर. दिराचे पन्नास, गड्याचे पन्नास. तोंडाशी तिसरं कोण उभं होतं अख्खा हंगाम?"

दोनशे ऐंशी नव्हेत. दोनशे तीस. इतके दिवस इतक्यांदा मांडलं, आणि हे दिसलंच नाही.

"म्हणजे ओल्याचा तास नऊशे चाळीस धरायला हवा होता," ती पुटपुटली. "आत्या, मी तात्यांना स्वस्तात..."

"तात्या गेला खड्ड्यात. धर."

सासूनं कमरेच्या पिशवीतून पन्नासची एक नोट काढली, डब्यात टाकली, आणि डबा तिच्या हातात दिला. तिनं सवयीनं तो उचलून पाहिला. अगदी हलका होता. ती हसायला लागली, आणि हसता हसता तिला जे इतके महिने आलं नव्हतं ते रडू आलं. दिरानं काय करावं ते न सुचून खिशात हात घातला, आणि आपल्या मजुरीतली एक नोट काढून डब्यात टाकली.

"ही कशाची?" तिनं नाक पुसत विचारलं.

"त्या दिवशी पट्ट्याला वंगण लावलं त्याचा दंड," दीर म्हणाला. "लिही."